‘पोरं पळायल्यात’ कागदावर कसे उतरवायचे

गॅदरिंग संपले की शाळेच्या वार्षिक अंकाचे काम सुरू होते आणि त्यात हमखास एक काम येते : मुख्याध्यापकांचे भाषण छापायचे. कोल्हापुरातल्या एका माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापिकांचे असेच एक भाषण आमच्याकडे शोधनासाठी आले. आठ मिनिटांचे भाषण, मोबाईलवर रेकॉर्ड केलेले, एका शिक्षकाने ऐकून जसेच्या तसे टाइप केलेले. शब्द साधारण साडेनऊशे. सोबत दोन ओळींची चिठ्ठी : ‘शुद्धलेखन तपासून द्या. मॅडमची भाषा मात्र बदलू नका.’

या दोन ओळींतच सगळी अडचण आहे. भाषण सभागृहात उत्तम झाले होते. तेच कागदावर लंगडते, कारण बोलताना आवाजाची चढउतार, हातवारे, मध्येच घेतलेला श्वास हे सगळे वाक्याला आधार देत असतात आणि टाइप करताना तो आधार निघून जातो. त्यामुळे अशा मजकुराचे शोधन म्हणजे नुसते ऱ्हस्व-दीर्घ नव्हे. आधी वाक्य उभे करावे लागते, मग व्याकरण, आणि शेवटी शुद्धलेखन. हा क्रम उलटा केला तर जे वाक्य पुढे काढूनच टाकायचे आहे त्यातले अनुस्वार तपासण्यात वेळ जातो.

या भाषणातला एक उतारा घेऊन काय काय केले ते सांगतो. टाइप होऊन आलेला मजकूर असा होता :

‘तर आज इथं जमलेले सगळे पालक, आणि आमचे आदरणीय अध्यक्ष साहेब, त्यांनी वेळात वेळ काढून आलेत त्याबद्दल मी सगळ्यांच्या वतीनं त्यांचं स्वागत करतो. यावर्षी काय झालं की, आपल्या शाळेतल्या मुलांनी जिल्हा पातळीवर खो-खोमध्ये भाग घेतला आणि दुसरे आले. आणि हे जे यश आहे ना, हे काही एका दिवसात मिळालेलं नाहीये. मुलं सकाळी सहाला ग्राउंडवर, सर त्यांच्या आधी हजर. मी स्वतः एकदा बघितलं, थंडी म्हणजे नुसती थंडी, आणि पोरं पळायल्यात! मी सरांना म्हटलं, अहो सर, जरा उशिरा बोलवा की. तर सर मला बोलले, मॅडम, पोरंच माझ्या आधी येऊन बसायल्यात, मी काय करू. शाहू महाराजांनी शंभर वर्षापूर्वी शिक्षण सक्तीचं केलं, पण इथं सक्ती कुणी केलेली नाहीये.’

पहिल्या वाचनात पेन हातात असतो, पण दुरुस्ती करायची नसते. मजकुराची दुप्पट ओळ-अंतर ठेवून प्रत काढायची, रेकॉर्डिंग लावायचे आणि कागदावर फक्त तीन प्रकारच्या खुणा करायच्या : टाइप करणाऱ्याने गाळलेला किंवा चुकीचा ऐकलेला शब्द, न कळलेले वाक्य, आणि अर्थाची शंका. गाळलेल्या शब्दासाठी ओळीखाली काकपद, शंकेसाठी समासात प्रश्नचिन्ह. या उताऱ्यात ऐकण्याची चूक एकही नव्हती, पण समासात दोन प्रश्नचिन्हे आली.

पहिले : ‘सर त्यांच्या आधी हजर’ असे एका वाक्यात आहे आणि चार ओळींनंतर सरच म्हणतात की पोरे माझ्या आधी येऊन बसतात. ऐकताना हे कुणाच्याही लक्षात आले नसेल, कारण दोन्ही वाक्यांतला भाव एकच आहे : सगळे पहाटे मैदानावर असतात. वाचणारा मात्र मागची ओळ पुन्हा पाहू शकतो. ही विसंगती शोधन करणाऱ्याने आपल्या मनाने मिटवायची नसते, कारण खरे काय ते फक्त बोलणाऱ्याला माहीत असते. मॅडमना विचारले. ‘सर वेळेआधी हजर असायचे’ एवढेच त्यांना म्हणायचे होते.

दुसरे प्रश्नचिन्ह शाहू महाराजांच्या वाक्याला. ‘शंभर वर्षापूर्वी’ हे भाषणात चालते, तिथे शंभर म्हणजे ‘फार पूर्वी’. छापील अंक दहा वर्षांनीही कुणाच्या तरी हातात असतो, म्हणून तिथे साल हवे. राजर्षी शाहू महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले ते १९१७ मध्ये. नुसते ‘शिक्षण’ म्हटले तर अर्थ फार सैल होतो; ‘प्राथमिक शिक्षण’ हवे. शिवाय ‘वर्षापूर्वी’ला अनुस्वार नव्हता. एकाहून अधिक वर्षे असतील तर सामान्यरूपावर अनुस्वार येतो : एका वर्षापूर्वी, पण शंभर वर्षांपूर्वी. साल घातल्यावर या उताऱ्यात तो शब्दच उरला नाही, पण उरलेल्या भाषणात हीच चूक आणखी चार ठिकाणी निघाली. ‘पंचवीस वर्ष’ ही तिची जुळी बहीण. बोलताना ‘वर्षं’मधला शेवटचा अनुस्वार पुसट होतो आणि टाइप करणारा तो सोडून देतो. लिहिताना ‘पंचवीस वर्षे’.

आता वाक्ये. पहिले वाक्य तीन ठिकाणी मोडले आहे. ‘त्यांनी वेळात वेळ काढून आलेत’ यात दोन वाक्यरचना एकमेकींत अडकल्या आहेत. ‘त्यांनी वेळ काढला’ बरोबर आणि ‘ते वेळ काढून आले’ही बरोबर. पण येणे हे अकर्मक क्रियापद आहे, त्याच्या भूतकाळात कर्त्याला ‘नी’ लागत नाही. बोलणाऱ्याच्या मनात आधी पहिले वाक्य आले, तोंडातून दुसरे संपले. मराठी भाषणांत ही गुंतागुंत सगळ्यात जास्त सापडते, आणि ओळखायची खूण सोपी आहे : मधले शब्द झाकून फक्त कर्ता आणि क्रियापद वाचायचे. ‘त्यांनी आलेत’ कानाला लगेच खुपते.

याच वाक्यात पालकांचे काय झाले? ‘जमलेले सगळे पालक’ अशी सुरुवात आहे आणि शेवटी ‘त्यांचं स्वागत’ फक्त अध्यक्षांचे होते. पालक वाक्यात अधांतरी राहिले. आणि ‘सगळ्यांच्या वतीनं’ म्हणजे कोणाच्या? सगळ्यांचे स्वागत सगळ्यांच्याच वतीने करता येत नाही. मॅडमना शाळेच्या वतीने म्हणायचे होते. दुरुस्त वाक्य : ‘आज येथे जमलेल्या सर्व पालकांचे आणि वेळात वेळ काढून आलेल्या आपल्या आदरणीय अध्यक्षांचे मी शाळेच्या वतीने स्वागत करते.’ स्वागत एकदाच, ज्यांचे करायचे ते दोघेही षष्ठीत, क्रियापद शेवटी.

तिसरी गोष्ट ‘करतो’ची. ही टाइप करणाऱ्याची चूक नव्हे. कोल्हापूरकडे बायका-मुलीही ‘मी येतो’, ‘मी करतो’ सर्रास म्हणतात आणि त्यात काहीच खटकत नाही. पण छापील अंक बाहेरगावच्या माजी विद्यार्थ्यांकडेही जातो, आणि तिथल्या वाचकाला ‘करतो’वरून वक्ता पुरुष आहे असेच वाटणार. म्हणून ‘करते’. हा बदल करण्याआधी वक्त्याला सांगणे आम्हाला आवश्यक वाटते. बोलीत चूक काढली, असा समज होता कामा नये.

‘मुलांनी भाग घेतला आणि दुसरे आले’ हे वाक्य बोलताना इतके सहज येते की त्यात काही उणे आहे हेच जाणवत नाही. ‘मुलांनी’ हा तृतीयेतला कर्ता फक्त ‘भाग घेतला’ला चालतो, ‘आले’ला ‘मुले’ किंवा ‘ती’ असा प्रथमेतला कर्ता हवा, आणि तो वाक्यात नाही. शिवाय ‘मुले’ नपुंसकलिंगी, म्हणजे ‘ती दुसरी आली’ व्हायला हवे होते. दोन मार्ग होते : ‘भाग घेतला आणि ती दुसरी आली’ किंवा दुसरे क्रियापदही सकर्मक करून ‘भाग घेतला आणि दुसरा क्रमांक मिळवला’. दुसरा मार्ग घेतला, कारण ‘ती दुसरी आली’ वाचताना एखादी मुलगी डोळ्यांसमोर येते.

‘तर’, ‘काय झालं की’, ‘हे जे यश आहे ना’ हे बोलण्यातले टेकू आहेत. बोलणारा पुढचे वाक्य जुळवत असताना ते वेळ मिळवून देतात. कागदावर त्यांचे काम संपते, म्हणून ते काढले. पण सगळे काढत सुटायचे नाही. ‘थंडी म्हणजे नुसती थंडी’ हा टेकू नाही, तो जोर आहे; तो ठेवला. फरक ओळखायला शब्द काढून वाक्य वाचून पाहावे : अर्थ आणि जोर दोन्ही तसेच राहिले तर तो टेकू होता.

यानंतरचा प्रश्न मराठीत लिहिणाऱ्या प्रत्येकाला छळतो : ‘असं’ की ‘असे’? मराठी साहित्य महामंडळाचे आणि शासनाने १९६२ मध्ये स्वीकारलेले लेखनविषयक नियम, त्यांत १९७२ मध्ये पडलेली भर, हे सगळे मिळून १८ नियम आहेत. त्यांचा आशय इथे स्पष्ट आहे : बोलण्यातली ‘असं केलं, मी म्हटलं’ ही रूपे कुणाच्या तोंडची वाक्ये देताना अनुस्वाराने लिहावीत, एरवी ‘असे केले, मी म्हटले’ अशी एकारान्त लिहावीत. आता भाषण म्हणजे आख्खेच तोंडचे बोलणे, मग काय करायचे? आमचा निर्णय भाषण कशासाठी लिहिले जात आहे त्यावर ठरतो. व्यासपीठावर वाचून दाखवायची प्रत असेल तर अनुस्वार ठेवतो, नाहीतर वाचणारा कागदावर ‘केले’ पाहून ‘केलं’ म्हणायला जातो आणि अडखळतो. अंकात छापायचे असेल तर एकारान्त. कोणताही पर्याय घेतला तरी अर्धे-अर्धे चालत नाही. एकाच परिच्छेदात ‘सगळं’ आणि ‘सगळे’, ‘इथं’ आणि ‘येथे’ दिसले की शोधन अर्ध्यावर सोडले हे चटकन कळते.

हे काम संगणकाच्या ‘शोधा आणि बदला’वर सोपवायचा मोह होतो. करू नये. शेवटचा अनुस्वार सरसकट मात्रेत बदलला तर शाळेच्या ब्रीदवाक्यातले ‘सत्यं वद’ सुद्धा ‘सत्ये वद’ होऊन बसते. दुसरा धोका त्याहून सूक्ष्म आहे. याच भाषणात पुढे एक वाक्य होते : ‘बक्षीस घ्यायला एक लहान मूल आजोबांबरोबर स्टेजवर आलं आणि ते रडायला लागलं.’ अनुस्वारामुळे रडले ते मूल, हे कळते. ‘ते रडायला लागले’ केले की आजोबा रडले असेही होते, कारण एकारान्त रूपात नपुंसकलिंगी एकवचन आणि आदरार्थी अनेकवचन सारखेच दिसते. अशा ठिकाणी सर्वनामाऐवजी नाम घालायचे : ‘ते मूल रडायला लागले’. म्हणून हा बदल वाक्यागणिक, डोळ्यांनी करावा लागतो. साडेनऊशे शब्दांना पाऊण तास लागला.

‘नाहीये’, ‘झालंय’, ‘केलंय’ यांचे अनुक्रमे ‘नाही’, ‘झाले आहे’, ‘केले आहे’. इथे एक सवय टाळावी लागते : प्रत्येक ‘केलं’ला ‘करण्यात आले’ आणि प्रत्येक ‘झाला’ला ‘संपन्न झाला’ करण्याची. ते अहवालाचे वळण आहे. मॅडमचे ‘सर वेळेआधी हजर’ हे ‘सरांची उपस्थिती वेळेपूर्वीच असे’ केले असते तर व्याकरणात काही चुकले नसते, पण माणूस वाक्यातून गेला असता. आमचा नियम असा की शब्दाचे रूप बदलायचे, शब्द शक्यतो नाही. ‘ग्राउंडवर’चे ‘मैदानावर’ केले, कारण ‘मैदान’ हा शब्द मॅडमनीच भाषणात दुसरीकडे वापरला होता.

आता उताऱ्याचा जीव : ‘पोरं पळायल्यात’. प्रमाण मराठीत हे ‘मुले पळत आहेत’. ‘करायलोय, जायलाय, पळायल्यात’ ही चालू काळाची रूपे कोल्हापूर-सांगली-बेळगाव पट्ट्यातली. या भागातल्या वाचकाला ती ऐकूच येतात. वर सांगितलेला नियमच इथे मदतीला येतो. सरांचे वाक्य आम्ही अवतरणचिन्हांत घातले, कारण ते तोंडचे बोलणे. तिथली बोली एका अक्षरानेही बदलायची नाही. अवतरणाबाहेरचे ‘पोरं पळायल्यात’ मात्र निवेदनात आहे, ते ‘मुले पळत होती’ झाले. एकच रूप दोन ठिकाणी असल्याने सुरुवातीला दोन्ही ठेवावीत असे वाटले होते. पण निवेदनात आधी प्रमाण भाषा आली, तर सरांच्या तोंडची बोली अधिक उठून दिसते. दोन्हीकडे बोली असली तर सरांचे वाक्य त्यात विरघळते.

अवतरणचिन्हे मूळ मजकुरात नव्हतीच. ती नसल्यामुळे ‘मी काय करू’ हे सर म्हणतात की मॅडम, हे पुन्हा वाचून ठरवावे लागत होते. चिन्हे घातली, ‘करू’पुढे प्रश्नचिन्ह दिले. ‘सर मला बोलले’चे ‘सर मला म्हणाले’ केले; बोलणे कुणाशी तरी असते, म्हणणे कुणाला तरी.

शुद्धलेखनाची फेरी शेवटची आणि तुलनेने सोपी. संमेलनाच्या मजकुरात चुका त्याच त्याच असतात, म्हणून आधी यादीने शोधतो. ‘दीपप्रज्वलन’मध्ये दी दीर्घ आणि ज एकच (प्र + ज्वलन), पण ‘उज्ज्वल’मध्ये ज दोन (उत् + ज्वल). ‘विद्यार्थीनी’ हे रूपच नाही : मुलगी असेल तर ‘विद्यार्थिनी’, कर्ता असेल तर ‘विद्यार्थ्यांनी’. ‘तज्ज्ञ’, ‘महत्त्व’, ‘व्यक्तिमत्त्व’, ‘आशीर्वाद’ हे चार शब्द दर भाषणात एकदा तरी चुकीचे भेटतात. गावाचे नावही. ‘पूर’ ग्रामनामात दीर्घ लिहायचा, म्हणून ‘कोल्हापूर’, ‘कोल्हापूरचा’. पण सामान्यरूप झाले की तो ऱ्हस्व होतो, म्हणून ‘कोल्हापुरात’. ‘यावर्षी’ हे दोन शब्द आहेत, ‘या वर्षी’. आम्ही ‘यंदा’ घेऊन तो प्रश्नच मिटवला.

एका अक्षराला मात्र स्वतंत्र वेळ द्यावा लागतो : ऱ्य. मोबाईलवर किंवा घाईत टाइप केलेल्या मजकुरात ‘करणाऱ्या’चे ‘करणार्या’ होते. ‘र्या’ शोधून ‘ऱ्या’ करावे म्हटले तर ‘कार्यालय’ आणि ‘सूर्या’ही बिघडतात. या भाषणाच्या शेवटी जेवण बनवणाऱ्यांचे आभार होते आणि टाइप झाले होते ‘आचार्यांचे आभार’. आचारी असेल तर ‘आचाऱ्यांचे’, आचार्य असेल तर ‘आचार्यांचे’. दोन्ही शब्द खरे, त्यामुळे शब्दकोश लावून तपासणारा संगणकही इथे गप्प राहतो. प्रत्येक ‘र्या’ थांबून, वाक्य वाचूनच ठरवायचा. इन्स्क्रिप्ट कळफलकावर ऱ्य असा येतो : आधी Shift+J, मग d, मग /.

सगळे झाल्यावर उतारा असा झाला :

‘आज येथे जमलेल्या सर्व पालकांचे आणि वेळात वेळ काढून आलेल्या आपल्या आदरणीय अध्यक्षांचे मी शाळेच्या वतीने स्वागत करते. यंदा आपल्या शाळेतील मुलांनी जिल्हा पातळीवरील खो-खो स्पर्धेत भाग घेतला आणि दुसरा क्रमांक मिळवला. हे यश काही एका दिवसात मिळालेले नाही. मुले सकाळी सहाला मैदानावर, सर वेळेआधी हजर. मी स्वतः एकदा बघितले. थंडी म्हणजे नुसती थंडी, आणि मुले पळत होती! मी सरांना म्हटले, “अहो सर, जरा उशिरा बोलवा की.” सर मला म्हणाले, “मॅडम, पोरंच माझ्या आधी येऊन बसायल्यात, मी काय करू?” राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. येथे मात्र सक्ती कुणीही केलेली नाही.’

‘आज येथे’ मुद्दाम ठेवले. भाषण आहे, तर त्यात ‘आज’ हवाच. पण वाचकाला तो ‘आज’ कोणता हे कळण्यासाठी शीर्षकाखाली संमेलनाची तारीख आणि सभागृहाचे पूर्ण नाव अशी एक ओळ दिली. शेवटची दोन वाक्ये मुळात ‘पण’ने जोडलेली होती. ती तोडली, म्हणजे ‘सक्ती’ हा शब्द दुसऱ्या वाक्यात ठळकपणे ऐकू येतो. मॅडम व्यासपीठावर तिथे थांबल्या होत्या, हे रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येत होते. पूर्णविराम त्याच जागी पडला.

दुरुस्त प्रत एकाने मोठ्याने वाचली, दुसऱ्याने मूळ रेकॉर्डिंगशी ताडून पाहिली. वाचताना श्वास अपुरा पडला ती तीन वाक्ये तोडली. मग मॅडमची सही घेऊन मजकूर छापखान्यात गेला. तिथे तो त्यांच्या जुन्या फॉन्टमध्ये बदलला गेला आणि पहिल्या मुद्रितात सगळे ‘ऱ्या’ पुन्हा ‘र्या’ झालेले निघाले, ‘आचाऱ्यांचे’सुद्धा. ते लाल पेनाने एकेक करून पुन्हा लावले आणि दुसरे मुद्रित मागवले.